मदत हवी आहे: साइट खरंच बंद आहे की प्रोव्हायडर डीएनएसमध्ये गडबड करतोय?

मंडळी, कालपासून माझी स्वतःची साइट घरच्या ब्रॉडबँडवर उघडत नाहीये, मोबाइल डेटावर मात्र लगेच उघडते, त्यामुळे सर्व्हर पडलेला नाही एवढं नक्की. घरून विचारलं की NXDOMAIN येतं, म्हणजे असं डोमेनच नाही म्हणे! मग म्हटलं प्रोव्हायडरचा रिझॉल्व्हर बिघडला असेल, म्हणून थेट 8.8.8.8 ला विचारलं तर तिथूनही तेच उत्तर, पण ब्राउझरमध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू केलं की साइट झक्कास उघडते. इथं शंका आली म्हणून हे करून बघितलं (डोमेन बदललंय):

```
dig @192.0.2.1 example.com
```

आता हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथं कुणी डीएनएस चालवत नाही, त्यामुळे टाइमआउट यायला हवा होता, पण 4 मिलिसेकंदांत तेच NXDOMAIN हजर. म्हणजे पोर्ट 53 ची क्वेरी वाटेतच कुणीतरी पकडून स्वतः उत्तर देतंय.

प्रश्न एवढाच की हे प्रोव्हायडर करतोय की माझा राउटरच? राउटर त्यांनीच दिलाय, दुसरा लावून बघता येत नाही. कसं ओळखू?