शब्दचर्चा : ‘अप्रोच शॉट’ आणि तो ‘फॉलो’ करणं

पार्लेकर : मुलांसाठीच्या टेनिसच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. एका वाक्यावर अडले आहे. रॅलीत चेंडू आखूड आला की अप्रोच शॉट मारा आणि तो फॉलो करून नेटवर जा, असा त्याचा आशय आहे. मी ‘चढाईचा फटका मारा आणि नेटकडे धाव घ्या’ असं लिहिलं. माझी मुलगी अंधेरीला टेनिस शिकते. तिने वाचलं आणि म्हणाली, ‘आई, धाव घ्यायची नसते, सर ओरडतात.’ मग काय लिहू? ‘चढाई’ तरी बरोबर आहे का?

लालबागकर : चढाई नको. कबड्डीत चढाईला गेलेला गडी दम टिकवून आपल्या अंगणात परत येतो. टेनिसमध्ये नेटवर गेलेला परत येत नाही, तिथेच उभा राहून पॉइंट संपवतो. मराठीत ‘चाल करून जाणे’ आहे, म्हणून ‘चालीचा फटका’. बाकी अप्रोच म्हणजे आखूड चेंडूवर ताकदीने मारलेला फटका, तोही कायम लाइनवर. तो बसला की पॉइंट आपलाच.

माटुंगेकर : लालबागकर, कबड्डीचं तुमचं म्हणणं एकदम पटलं. फटक्याचा अर्थ मात्र अर्धाच बरोबर आहे. ज्याने पॉइंट तिथेच संपवायचा तो विनर. अप्रोचने पॉइंट संपवायचा नसतो, आपल्याला नेटपर्यंत पोचायला वेळ मिळवायचा असतो आणि समोरच्याला अवघड जागी ढकलायचं असतं. पॉइंट संपवते ती पुढची व्हॉली. सर्व्हिस करून थेट नेटवर गेलात तर त्या सर्व्हिसलाही कोणी अप्रोच म्हणत नाही, कारण हा रॅलीच्या मधला फटका आहे.

आता ताकदीचं. मुलं सर्वांत जास्त चुकतात ती इथेच. सर्व्हिस लाइनवरून मारलेला चेंडू समोरच्या बेसलाइनपर्यंत साठ फूट जातो. सपाट आणि जोरात मारलात तर तो झटकन पोचतो आणि तितक्याच झटकन परत येतो. तुम्ही तेव्हा अजून पळतच असता. तोच चेंडू बॅकहँड स्लाइसने खोल टाकलात तर तो तरंगत जातो, टप्प्यानंतर खाली राहतो, आणि समोरच्याला गुडघ्याच्या उंचीवरून वर उचलावा लागतो. अ‍ॅश्ली बार्टीचा स्लाइस आठवा. त्या हळू चेंडूमुळेच तुम्हाला दोन पावलं जास्त मिळतात.

गिरगावकर : माझं वय बासष्ट. रोज सकाळी जिमखान्यात डबल्स खेळतो. नेटवर गेलं की हमखास डोक्यावरून लॉब पडतो आणि मागे पळताना गुडघा धरतो. मग आम्ही पुढे जावं की नाही?

पार्लेकर : काका, मी शब्द विचारत होते. पण तुमचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. माटुंगेकर सर, ‘कधी जायचं’ हेही त्या ‘फॉलो’त येतं का?

माटुंगेकर : येतं. आणि त्या शब्दाचा अर्थ इथे अगदी शब्दशः आहे, अनुवादात निसटतो तो हाच. फॉलो म्हणजे नुसतं पुढे जाणं नव्हे, चेंडू ज्या रेषेत गेला त्या रेषेच्या बाजूने त्याच्या मागोमाग जाणं.

उदाहरण देतो. दोघंही उजवे. चेंडू तुमच्या उजव्या बाजूला, साइडलाइनपासून तीनेक फूट आत आखूड पडला. सिंगल्सचं कोर्ट 27 फूट रुंद, म्हणजे कोर्टाची मधली रेषा तुमच्यापासून साधारण साडेदहा फुटांवर. तुम्ही सरळ लाइनवर मारलंत तर चेंडू समोरच्याच्या बॅकहँडला जातो. आता त्याच्यापुढे दोन टोकं आहेत, एक तुमच्या उजव्या लाइनवरून सरळ आणि दुसरं तुमच्या डावीकडे तिरकं. या दोन टोकांच्या मधोमध जागा धरायची, तर मध्यापासून थोडं उजवीकडे, दोनेक फुटांवर उभं राहावं लागतं. म्हणजे बाजूला सरकायचं साडेआठ फूट.

तोच चेंडू क्रॉस मारलात तर समोरचा तुमच्या डाव्या कोपऱ्यात असतो. आता तुमची जागा मध्याच्या डावीकडे दोन फुटांवर, म्हणजे साडेबारा फूट सरकायचं. फरक फक्त चार फुटांचा. पण तेवढ्यात तुमची डावी लाइन मोकळी राहते आणि तुम्ही आडवे पळत असताना तो तिथूनच पास करतो.

लालबागकर : म्हणजे ‘कायम लाइनवर’ हे माझं बरोबरच होतं!

माटुंगेकर : बहुतेक वेळा, कायम नाही. समोरचा त्या कोपऱ्यात आधीच उभा असेल आणि दुसरी बाजू पूर्ण रिकामी असेल तर क्रॉसही चालतो, कारण त्याला पळत येऊन मारावं लागतं. कधी मी थेट मध्यात खोल टाकतो. तिथून त्याला पासला फारसा कोन मिळत नाही.

आता गिरगावकर काकांसाठी. चेंडू बेसलाइनच्या बराच आत, कमरेच्या आसपास, तोल न जाता मिळाला तरच जा. बेसलाइनच्या मागून मारून पुढे गेलात तर मधल्या पट्ट्यात अडकता आणि चेंडू पायाशी येतो. पुढे निघाल्यावर एकच खूण पाहा. समोरच्याची रॅकेट चेंडूकडे पुढे यायला लागली की जिथे असाल तिथे थबका, दोन्ही पायांवर छोटी उडी. तो ताणलेला, मागच्या पायावर, रॅकेट उघडी धरून असेल तर आणखी आत शिरा, कारण चेंडू उडतच येणार. तो पाय रोवून तयार असेल तर सर्व्हिस लाइनच्या थोडं पुढेच थांबा. लॉब त्यातूनच येतो, आणि नेटला चिकटलात तर तो डोक्यावरून जातोच.

गिरगावकर : मग चूक कळली. मी पळतच नेटपर्यंत जातो, मधे थांबतच नाही.

माहीमकर : गोल्फमध्येही ‘अप्रोच’ आहे. हिरवळीवर आणण्यासाठीचा फटका. तिथे चेंडू जवळ जातो, इथे माणूस. एकच मराठी शब्द दोन्हीकडे चालणार नाही.

पार्लेकर : हे छान लक्षात आणून दिलंत. मग ‘चालीचा फटका’ टेनिसपुरता ठेवू?

माटुंगेकर : मला ‘चाल’ म्हटलं की बुद्धिबळ आठवतं. कोर्टवर सगळी मुलं ‘अप्रोच’च म्हणतात, नाम तेच राहू दे. क्रियापद मात्र मराठी करा. ‘अप्रोच मारा आणि चेंडूच्या रेषेने मागोमाग जा.’ मुलांना दिशा आपोआप कळेल.

लालबागकर : मी ‘चाल करून जा’वरच आहे. ‘मागोमाग’ म्हणजे कोणाच्या तरी शेपटीला धरून. त्यात आक्रमण दिसत नाही.

पार्लेकर : मुलीला वाचून दाखवलं. तिला ‘मागोमाग’ लगेच कळलं. पण ‘थबका’च्या ऐवजी तिला ‘थबकउडी’ हवी. तुमच्याकडे मुलं या छोट्या उडीला काय म्हणतात?

माटुंगेकर : ‘स्प्लिट’. ‘थबकउडी’ उद्या सकाळी ओरडून बघतो, उडी वेळेवर पडते का ते कळेल.