शोकसभेत 'कै.' म्हणू की 'दिवंगत'?

गोदाकाठ: आमच्या स्टोअरमधले काका मागच्या आठवड्यात अचानक गेले, शुक्रवारी कॅन्टीनमध्ये शोकसभा ठेवलीये आणि बोलायचं माझ्यावर आलंय. काकू आणि मुलगा पण येणारेत. सुरुवात लिहिलीये, 'कै. काकांना भावपूर्ण श्रद्धांजली'. काका बौद्ध होते, मग 'कै.' चालेल का? आणि किस्से सांगताना लोक हसले तर वाईट दिसेल का?

सह्याद्री_वारा: कै. नको. कैलासवासी म्हणजे शंकराच्या कैलासावर गेलेला. स्वर्गीय लिहा, ते सगळ्यांनाच चालतं.

शाईपेन: कै. नको हे बरोबर, पण स्वर्गीय सगळ्यांना चालत नाही, अनेक बौद्ध घरांत ते खटकेल. तिथे 'कालकथित' म्हणतात आणि कार्यक्रमाला 'पुण्यानुमोदन'. ख्रिस्ती माणसाला ख्रिस्तवासी, मुस्लिमांना पैगंबरवासी, वारकऱ्यांच्यात वैकुंठवासी. घरच्यांनी मेसेजमध्ये काय लिहिलंय ते बघ आणि तोच शब्द घे. शिवाय 'श्रद्धांजली' लिहिताना द ला ध जोडायचा, बॅनरवर हमखास 'श्रध्दांजली' छापून येतं.

मोगरा: आमच्या साहेबांच्या सेंडऑफला मी पण बोलले होते, शाल-श्रीफळ दिलं, कविता म्हटली, सगळे रडले. कविता टाका एखादी.

गोदाकाठ: ताई, काका रिटायर नाही झाले हो, गेले.

मोगरा: अरे देवा, माफ करा, घाईत वाचलं. काकूंना सांभाळा.

सह्याद्री_वारा: मग दिवंगत म्हणा, त्यात धर्म नाही.

शाईपेन: मूळ बघितलं तर दिवंगत म्हणजेही स्वर्गाला गेलेला. वापरात आता ते कुणालाही लावतात, तरी मला विचाराल तर बोलताना उपाधीच नको, नुसतं 'आपले काका' म्हण. किश्शांचं म्हणशील तर खुशाल सांग, फक्त आधी दोन वाक्यं दुःखाची येऊ देत, लगेच हसवायला गेलं की घरच्यांना लागतं. 'मनमिळाऊ स्वभाव', 'कधीही न भरून निघणारी पोकळी' हे कुणाबद्दलही बोलतात, त्यापेक्षा म्हणायचे, करायचे अशा क्रियापदांत सांग, रोजची सवय डोळ्यासमोर येते.

गोदाकाठ: असं लिहिलंय बघा: 'आपले काका गेले, हे अजून खरं वाटत नाही. सकाळी स्टोअरच्या खिडकीकडे आपोआप नजर जाते. पाना मागायला गेलं की काका आधी विचारायचे, जेवलास का, आणि मगच रजिस्टर पुढे सरकवायचे. सही विसरलो तर पार गेटपर्यंत मागे यायचे.' इथे लोक हसतील बहुतेक. मग काकूंकडे बघून, 'काकू, डब्यातली तुमच्या हातची चटणी आम्ही सगळ्यांनी खाल्लीये.'

शाईपेन: छान. चटणीनंतर जरा थांब, काकूंना बघून तुझाच आवाज जाईल. शेवटी 'श्रद्धांजली देतो' नको, मराठीत वाहतो.

सह्याद्री_वारा: आदरांजली जास्त बरं नाही का? बौद्ध कार्यक्रमांत श्रद्धांजली फारसं ऐकलं नाही मी.

शाईपेन: मी दोन्ही ऐकलंय. काकांच्या मुलालाच विचारलेलं बरं.

गोदाकाठ: त्याला संध्याकाळी फोन करतो, कालकथितचंही तेव्हाच विचारतो.