प्रतिसाद: विलापिकेतले सांत्वन

«विलापिकेचा शेवट सांत्वनात झाला नाही, तर ती अपुरी मानायची का?»

अपुरी मानू नये, असे माझे मत आहे. नाशिकला रामकुंडावर दहाव्याला कावळा पिंडाला शिवेपर्यंत माणसे ताटकळत उभी असतात, आणि तो शिवला की सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडतात. मिल्टनने बुडून गेलेल्या मित्रावर लिहिलेल्या ‘लिसिडस’ या विलापिकेत असा क्षण आहे: १९३ ओळींच्या त्या कवितेत १६५व्या ओळीला ‘आता रडू नका’ असे शब्द येतात आणि तो मित्र स्वर्गात पोचतो. (मला हे वळण जरा घाईचे वाटते.)

गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मध्ये मात्र कावळा शिवतच नाही. ‘निजला’ हा खरे तर सांत्वनाचाच शब्द, कारण लहान मूल गेले की आपण तो हळुवारपणे वापरतो. पण या कवितेत बोलणारी आई तो शब्दशः घेते, आणि म्हणून मूल गेले असे सांगणारेच तिला खोटे वाटतात. ध्रुपद परत आले, की कविता पुढे सरकण्याऐवजी पुन्हा त्या निजलेल्या मुलापाशी येऊन थांबते. आईला मुलाचा भूतकाळ होऊ द्यायचा नाही, आणि समजूत घालायची तर आधी तेच कबूल करावे लागते.