जिम सोडतेय, उरलेल्या आठ महिन्यांचे किती पैसे परत मिळायला हवेत?

वर्षा, कासारवडवली
घोडबंदर रोडवरच्या एका जिमची वर्षाची मेंबरशिप १ जूनला घेतली, १८,००० एकरकमी भरले. आता नोकरी पुण्याला. फॉर्मवर अट अशी आहे: ‘शहर बदलल्यास पुराव्यासह अर्ज केल्यावर, वापरलेले महिने मासिक दराने आकारून व १० टक्के प्रशासकीय शुल्क कापून उर्वरित रक्कम परत केली जाईल.’ ३० सप्टेंबरला अर्ज दिला. काउंटरवर म्हणतात २,२०० मिळतील. माझ्या मते आठ महिन्यांचे १२,००० व्हायला हवेत. कोण बरोबर?

संदीप, वागळे इस्टेट
मी छोटी जिम चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. १,५०० महिना हा दर वर्षभर राहणाऱ्यासाठी असतो. चार महिन्यांत सोडणाऱ्यालाही तोच लावला, तर महिन्यामहिन्याने भरणाऱ्यांनी काय पाप केलं? सगळेच वर्षाचे भरतील आणि हवं तेव्हा सोडतील. अट तुम्ही सही करून मान्य केली आहे. १२,००० विसरा.

नेहा, वाशी
सही केली म्हणून काहीही चालतं का? ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असल्या अटी सरळ बेकायदेशीर आहेत. पूर्ण १२,००० मागा आणि एक रुपयाही सोडू नका.

मकरंद, कोपरी
नेहाताई, इथे तशी अटच नाही. इथली अट पैसे परत करायचं कबूल करते. वाद फक्त आकड्याचा आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी करारावर दाद मागता येते, पण ‘करारच अन्यायकारक’ म्हणून जायचं तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. वर्षाताईंनी त्या वाटेला जाऊच नये. त्यांची बाजू अटीच्या आतच भक्कम आहे.

२,२०० आले कुठून ते बघा. त्यांनी ३,५०० गुणिले ४ म्हणजे १४,००० कापले असणार, वर १८,००० चे दहा टक्के म्हणजे १,८००. वर्षाताई, ३,५०० हा दर फॉर्मवर छापलाय की भिंतीवरच्या आजच्या बोर्डावर आहे?

वर्षा, कासारवडवली
बोर्डावर. फॉर्मवर दरच नाही. पण जूनमध्ये त्यांनी व्हॉट्सॲपवर दरपत्रक पाठवलं होतं, त्यात महिना ३,००० आहे.

मकरंद, कोपरी
मग काम झालं. करार झाला त्या दिवशीचा दर लागणार. १२,००० वजा झाले, ६,००० उरले. आता दहा टक्के कशाचे, ते अट सांगत नाही. पूर्ण रकमेचे धरले तर हातात ४,२००, उरलेल्या रकमेचे धरले तर ५,४००. अट त्यांनी लिहिली, संदिग्धपणाही त्यांचाच. म्हणून मी ५,४०० मागेन.

आणि ३० सप्टेंबरनंतर एकदाही आत जाऊ नका. दाराशी बोट लावलं की हजेरी पडते, आणि मग ते ‘पाचवा महिना चालू आहे’ म्हणतात.

संदीप, वागळे इस्टेट
जुन्या दराचं पटलं. दहा टक्क्यांचं नाही. फॉर्म भरणं, कार्ड करणं, ट्रेनरचं कमिशन हा खर्च पूर्ण मेंबरशिपवर होतो. ४,२००च योग्य.

प्रशांत, ऐरोली
माझं उलट झालं. मी हप्त्यांवर घेतली होती. जिमने मेंबरशिप रद्द केली, पण फायनान्स कंपनीचा हप्ता खात्यातून जातच राहिला. बँकेत सांगून तो थांबवला तर सिबिल खराब झाला. तुम्हीही हप्ता लगेच बंद करा.

मकरंद, कोपरी
त्यांनी एकरकमी भरलेत, प्रशांतभाऊ. आणि हप्ता असता तरी परस्पर बंद करायचा नसतोच. कर्ज बंद झाल्याचं पत्र जिमने फायनान्स कंपनीकडून आणून द्यायचं असतं. तुमच्याबाबतीत तीच कडी सुटली.

वर्षा, कासारवडवली
मॅनेजर आता म्हणतो, पैसे नकोत, सहा महिने फ्रीझ करून देतो किंवा मैत्रिणीच्या नावावर करून देतो. हो म्हणू?

मकरंद, कोपरी
लेखी हो म्हणालात तर रद्द करण्याचा अर्ज मागे घेतला असं ते दाखवतील. तोंडी बोलणं थांबवा. एकच ईमेल करा: अर्जाची तारीख, बदलीचं पत्र, दरपत्रकाचा फोटो, हिशेबाच्या चार ओळी, बँक खातं आणि पंधरा दिवसांची मुदत. नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग ठाण्याचा जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं.

नेहा, वाशी
५,४०० साठी आयोगात तारखा घालायच्या? पुण्याहून?

मकरंद, कोपरी
तक्रार राहत्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे पुण्यातही. पण वेळ जातो, हे खरंच.

वर्षा, कासारवडवली
ईमेल केला, ५,४०० लिहून. संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला, ४,२०० ला तयार आहेत. घरचे म्हणतात घे आणि सोड. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

संदीप, वागळे इस्टेट
घ्या. हिशेब बरोबर आहे.

नेहा, वाशी
अजिबात घेऊ नका. घेतलेच तर ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.