मदत हवी आहे: पहिल्या प्लास्टरनंतर बाळाचे पाऊल अधिकच उलटलेले दिसते

मृण्मयी_स
माझा मुलगा आज 19 दिवसांचा आहे. जन्मतःच त्याचे उजवे पाऊल आत आणि खाली वळलेले होते. डॉक्टरांनी क्लबफूट असे निदान करून दहाव्या दिवशी बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा वाकवून प्लास्टर घातले. परवा ते काढले तेव्हा तळवा आधीपेक्षा जास्त वर उलटलेला दिसला आणि टाच तशीच ओढलेली होती. "हे अपेक्षितच आहे," एवढे सांगून त्यांनी लगेच दुसरे प्लास्टर घातले. बाहेर रांग होती, त्यामुळे पुढे विचारता आले नाही. मालिश करणाऱ्या मावशी प्लास्टर बंद करा म्हणतात आणि सासूबाईंच्या मते मी ग्रहण पाळले नाही म्हणून हे झाले. उपचार चुकीच्या दिशेने चालले आहेत का?

शरद_ब
माझ्या पुतणीचे पाऊल असेच होते. गर्भात अडचणीत राहिल्याने ते वाकले होते आणि महिनाभराच्या मालिशने सरळ झाले. इतक्या लहान जिवाला प्लास्टरमध्ये अडकवण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

फिजिओ_वंदना
मी बालअस्थिरोग विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. शरदराव, तुमच्या पुतणीसारखी पावलेही असतात, परंतु ती बोटाने हलकेच ढकलली तरी सरळ होतात. जे पाऊल कडक असते, ज्याची टाच वर ओढलेली असून तिच्या मागे खोल घडी असते, ते केवळ मालिशने सुटत नाही.

मृण्मयीताई, तुम्हाला जे बिघडलेले वाटते आहे, तेच बहुधा पहिल्या प्लास्टरचे काम आहे. अशा पावलाचा तळवा मध्येच खोलगट वाकलेला असतो, कारण अंगठ्याकडील भाग टाचेच्या मानाने अधिक खाली गेलेला असतो. तो वर उचलून पुढचा भाग टाचेच्या रेषेत आणावा लागतो आणि त्यामुळे तळवा आणखी उलटल्यासारखा भासतो. पुढच्या प्लास्टरपासून घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या हाडावर हाताचा अंगठा टेकवून पूर्ण पाऊल हळूहळू बाहेर वळवतात. टाचेला हात लावत नाहीत, ती पावलामागोमाग आपोआप वळते. टाच खाली आणण्याचे काम मुद्दाम शेवटी ठेवलेले असते, कारण आधीच पंजा जोराने वर ढकलला तर टाच वरच राहते, पाऊल मध्येच मोडल्यासारखे वाकते आणि तळवा होडीच्या तळासारखा फुगतो. ही पद्धत अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी बसवली.

साधारणपणे दर आठवड्याला एक, अशी पाच ते सात प्लास्टरे लागतात. त्यानंतर बहुतेक बाळांमध्ये पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी घट्ट शीर जागा बधिर करून अगदी छोट्या छेदातून कापतात आणि शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात ती शीर लांब होऊन पुन्हा जुळते.

ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडत नाही आणि आईच्या वागण्याने हे होत नाही, हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा.

आशा_क
माझी मुलगी 3 वर्षांची आहे आणि चालताना पंजे आत टाकते. तिलाही प्लास्टर लागेल का?

फिजिओ_वंदना
आशाताई, तळवे जमिनीवर सपाट टेकत असतील आणि पाऊल हाताने सहज फिरत असेल, तर तो प्रश्न निराळा आहे. तिला एकदा दाखवून घ्या, मात्र वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

निखिल_वाई
आमचा मुलगा आता 4 वर्षांचा आहे. प्लास्टरपेक्षा त्यानंतरचे बूट जड गेले. दोन बूट एका पट्टीला जोडलेले असतात. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास आणि पुढे झोपेच्या वेळी ते घालायचे होते. तो 14 महिन्यांचा असताना चालू लागला, पाऊल सुंदर दिसत होते, म्हणून आम्ही ते बंद केले. काही महिन्यांत टाच पुन्हा उचलली गेली आणि दोन प्लास्टरे नव्याने घालावी लागली. ती चूक आमची होती. आम्हाला बूट चौथ्या वर्षापर्यंत सांगितले आहेत, ओळखीच्या एका कुटुंबाला पाचव्यापर्यंत. अशा पायाची पोटरी थोडी बारीक राहते, तेही आधीच ठाऊक असलेले बरे.

मृण्मयी_स
आपणा सर्वांचे आभार. आणखी एक विचारते. काल पाचही बोटे दिसत होती, आज करंगळी दिसत नाही आणि बाळ सकाळपासून सारखे रडते आहे. मंगळवारच्या तारखेपर्यंत थांबावे का?

फिजिओ_वंदना
थांबू नका, आजच जा. प्लास्टर खाली सरकले की बोटे आत जातात. पाऊल चुकीच्या जागी दाबले जाऊन जखम होते आणि मिळालेली सुधारणाही जाते. बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग लगेच परत आला नाही, किंवा बोटे सुजली, निळसर किंवा गार पडली, तर रात्रीसुद्धा जावे.

मृण्मयी_स
आत्ताच परतलो. प्लास्टर खरोखरच सरकले होते आणि टाचेवर लालसर डाग आहे, पण त्वचा शाबूत आहे. नवे प्लास्टर घातले आहे. शीर कापावी लागेल का, ते पाऊल पुरेसे बाहेर वळल्यावरच सांगू, असे डॉक्टर म्हणाले.