‘फिजिबिलिटी लेटर’ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: सोसायटीच्या इतिवृत्तासाठी अभियंत्याच्या पत्राचं मराठी करतेय. तळमजला + 1 अशा इमारतीवर आणखी एक मजला चढेल का, हा विषय. ‘व्यवहार्यता पत्र’ चालेल का? आणि ‘एसबीसी’ म्हणजे पायाची भारक्षमताच ना?

विटकर: ‘स्थैर्य प्रमाणपत्र’ लिहून मोकळ्या व्हा. इमारत तपासून देतात तेच.

लंबक: तपासणी बरीचशी तीच, कागद मात्र वेगळा. स्थैर्य प्रमाणपत्र आज उभ्या असलेल्या इमारतीबद्दल असतं. हे पत्र अजून न बांधलेल्या मजल्याबद्दल, तेही अटी घालून.

एसबीसी मातीची असते, पायाची नव्हे. ‘जमिनीची सुरक्षित धारणक्षमता’ लिहा. समजा फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पायाचा काँक्रीटचा ठोकळा, 1.5 × 1.5 मीटर आहे, म्हणजे 2.25 चौ.मी., आणि खालचा मुरूम चौरस मीटरला 20 टन घेतो. झाले 45 टन. मधल्या कॉलमवर एका स्लॅबचे, भिंती धरून, 15 टन येत असतील तर तीन स्लॅबचेही 45. बरोब्बर बसलं! पण फुटिंगचं स्वतःचं वजन आणि वरची माती राहिली. ढोबळ 10 टक्के धरा, की 49.5 टन. ‘भारक्षमता’ ही फुटिंगची: जाडी कमी पडली तर माती पेलेल, पण कॉलम फुटिंगला भोक पाडून खाली जाईल. म्हणून दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन पाया उघडा करून मोजतात. नकाशावर विसंबत नाहीत.

उंबरठा: आमच्या गच्चीवर कॉलमच्या सळया सोडलेल्या आहेत. म्हणजे मजल्याची सोय आहेच, पत्र कशाला?

लंबक: बिल्डरची इच्छा होती, एवढंच त्यावरून कळतं. स्लॅबला जिथे सळई चिकटते तिथे पाणी साचतं आणि ती तिथेच सगळ्यात जास्त खाल्ली जाते. गंज घासून काढून व्यास तिथे मोजायचा, टोकाला नाही.

विटकर: काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारून ताकदीचा आकडा मिळतोच की.

लंबक: मिळतो, पण तो पृष्ठभागाचा. जुन्या काँक्रीटची कातडी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होते आणि हॅमर जास्त ताकद दाखवतो. खात्रीसाठी कोअर, म्हणजे काँक्रीट कापून घेतलेले दंडगोल नमुने, काढायचे, आधी यंत्राने सळया शोधून, नाहीतर कापल्या जातात. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान 85 टक्के हवी, आणि एकही 75 च्या खाली नको. शिवाय वजन आणि उंची वाढली की भूकंपाचा भारही वाढतो, म्हणून कॉलम-बीमची सगळी चौकट नव्याने तपासावी लागते. खाली उघडं पार्किंग असेल तर बहुधा तिथेच अडतं.

गोदाकाठ: ‘धारणक्षमता’ घेते. पण ‘व्यवहार्यता’ला पैशाचा वास येतो, आणि ‘शक्यता पत्र’ म्हटलं की पावसाचा अंदाज वाटतो.

विटकर: ‘मजलावाढ तपासणी पत्र’?

लंबक: चालेल, पण ‘सशर्त’ जोडा. नाहीतर कमिटी पहिलं पान वाचून विटा मागवेल.