मदत हवी आहे: आईचा किडनी रिपोर्ट, पोटॅशियम ५.८ पण क्रिएटिनिन नॉर्मल

सई_धायरी
आई, वय ६२, वजन ४६ किलो. सोसायटीत हेल्थ चेकअपचं पॅकेज होतं, सकाळी घरी येऊन रक्त नेलं. साखर नॉर्मल. बीपीची गोळी चालू आहे. रिपोर्टमधले आकडे, कंसात लॅबची रेंज:

युरिया ४४ (१७ ते ४३)
बीयूएन २०.६
क्रिएटिनिन १.१ (०.५ ते १.२)
युरिक ॲसिड ६.९ (२.६ ते ६.०)
सोडियम १३७, क्लोराइड १०१, दोन्ही रेंजमध्ये
पोटॅशियम ५.८ (३.५ ते ५.१)

युरिया, युरिक ॲसिड आणि पोटॅशियम ठळक अक्षरांत छापलंय. क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणजे किडनी ठीक आहे असं समजायचं का? मग पोटॅशियम एवढं कसं? आई म्हणते मला काही होत नाहीये, उगाच डॉक्टरकडे नेऊ नकोस.

कोथरूडकर_काका
ताई, घाबरू नका. युरियाला क्रिएटिनिनने भागा. ४४ भागिले १.१ म्हणजे ४०. हे गुणोत्तर २० च्या वर गेलं की शरीरात पाणी कमी, किडनीचा दोष नाही. आईंना रोज एक शहाळं द्या, आठवड्यात सगळं जागेवर येईल.

नळीबहाद्दर
काका, शहाळं नको! नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि इथे तेच वाढलेलं दिसतंय. आकडा खरा की खोटा हे कळेपर्यंत तरी थांबा.

भागाकारातही गफलत आहे. तो २० चा नियम बीयूएनसाठी आहे, युरियासाठी नाही. बीयूएन म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन, म्हणून युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. आपल्याकडच्या रिपोर्टवर दोन्ही एकाखाली एक छापतात, त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. इथे २०.६ भागिले १.१, म्हणजे साधारण १९. काठावर आहे, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

सई, तीन गोष्टी सांगा. रिपोर्टच्या तळाशी नमुन्याबद्दल बारीक अक्षरात काही लिहिलंय का? त्याच रिपोर्टमध्ये कॅल्शियम आणि एसजीओटी, एसजीपीटी किती आहेत? आणि रात्री जेवल्यापासून आईंनी पाणी प्यायलं होतं का?

सई_धायरी
तळाशी नमुना "स्लाइटली हिमोलाइज्ड" असं लिहिलंय, मी पाहिलंच नव्हतं. कॅल्शियम ९.३. एसजीओटी ४९, एसजीपीटी १८. पाणी अजिबात नाही. उपाशीपोटी सांगितलं म्हणून आईने रात्री आठनंतर घोटभरसुद्धा घेतलं नाही, आणि रक्त नेणारा मुलगा साडेनऊला उगवला.

नळीबहाद्दर
मग निम्मं कोडं इथेच सुटतं. हिमोलाइज्ड म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटलेल्या. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सीरमपेक्षा कितीतरी पट जास्त असतं. बारीक शिरेतून जोर लावून रक्त ओढलं, सिरिंजचा दट्ट्या दाबून ते नळीत भरलं किंवा नळी जोरात हलवली की पेशी फुटतात आणि आतलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं. एसजीओटीही पेशींच्या आत असतं, म्हणून ते वाढलंय आणि एसजीपीटी मात्र साधं आहे. ही जोडी पेशी फुटल्याकडेच बोट दाखवते.

दुसरी गोम वाहतुकीची. घरून घेतलेली नळी बाइकवरच्या बर्फाच्या डब्यात दोन-तीन तास तशीच फिरली, सेंट्रिफ्यूज झाली नाही, तरी आकडा चढतो. गारठ्यात पेशींचा पोटॅशियम आत ओढणारा पंप मंदावतो आणि ते हळूहळू बाहेर झिरपतं. अशा वेळी सीरम लालसर दिसतही नाही, त्यामुळे रिपोर्टवर शेराही येत नाही.

तिसरी शक्यता जांभळ्या टोपणाच्या नळीची. तिच्यात पोटॅशियम असलेलं ईडीटीए असतं. त्यातला थेंब दुसऱ्या नळीत गेला तर पोटॅशियम वाढतं, पण मग कॅल्शियम धाडकन खाली येतं. आईंचं ९.३ आहे, म्हणजे तसं झालेलं नाही.

पोटॅशियम आजच पुन्हा करा. घरी बोलावू नका, जिथे मशीन आहे त्या लॅबमध्ये आईंना घेऊन जा. उपाशी राहायची गरज नाही. दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडायला सांगा आणि मूठ उघडझाप करू नका, त्यानेही आकडा वर जातो.

शेवगा
माझं युरिक ॲसिड ८.१ आहे आणि गेल्या महिन्यात अंगठा सुजून लाल झाला होता. इथे ६.९ ला काय करायचं सांगता? मी टोमॅटो आणि डाळ बंद केलीय, आईंनीही करावी का?

फार्मसीवाली
शेवगा, तुमचं प्रकरण वेगळं आहे. अंगठा सुजून लाल होणं हा गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताचा झटका असू शकतो, तुम्ही डॉक्टरांना दाखवा. झटका चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून तो ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा मोजतात. टोमॅटो आणि डाळ सोडून फारसा फरक पडत नाही. बिअर, मटण, कलेजी आणि साखरेची पेयं यांनी पडतो. सईच्या आईंना असा झटका कधीच आला नसेल तर ६.९ ला सहसा गोळी देत नाहीत.

सई, मला खरा प्रश्न औषधांचा वाटतो. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर नेमकं काय लिहिलंय? गुडघा, कंबर यासाठी मेडिकलमधून आणलेलं काही चालू आहे का? आणि घरात मीठ कोणतं?

सई_धायरी
पाकिटावर टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५. गुडघ्यासाठी ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल, विचारलं तर म्हणाली "कधीतरी घेते". डबा पाहिला, दहाची पट्टी आठवड्यात संपलीय. मीठ लो सोडियमवालं, बीपीसाठी चांगलं म्हणून मीच आणते.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला. तेव्हा क्रिएटिनिन ०.८ होतं. तेही नॉर्मल, हेही नॉर्मल, म्हणजे काही बदल नाही ना?

फार्मसीवाली
बदल आहे, आणि या सगळ्या रिपोर्टमध्ये तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ठळक छापलेलं नाही म्हणून नजरेतून सुटला.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. ४६ किलोच्या बाईकडे स्नायू कमी, त्यामुळे मुळात ते कमीच तयार होतं. तिचं १.१ आणि पंचाहत्तर किलोच्या तरुणाचं १.१ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून वय आणि लिंग घालून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, काढतात. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने आईंचं आत्ताचं येतं साधारण ५७. दोन वर्षांपूर्वी, वय ६० आणि ०.८ धरून, ८४ येतं. दोन्ही क्रिएटिनिन रेंजमध्ये, पण गाळण्याची क्षमता जवळपास एक तृतीयांश उतरलेली.

कोथरूडकर_काका
भागाकाराची चूक मान्य. पण वयानुसार ईजीएफआर उतरतोच की. बासष्टीला ५७ म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही.

फार्मसीवाली
वयाने उतरतो तो वर्षाला एखादा अंक, फार तर थोडा जास्त. दोन वर्षांत २७ वयाच्या नावावर खपवता येत नाहीत. मात्र हा कायमचा आजार आहे असंही एका रिपोर्टवरून म्हणता येत नाही. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला तरच तसं म्हणतात. शिवाय तेरा-चौदा तास पाणी नाही, त्यानेही क्रिएटिनिन आणि युरिया थोडे चढतात.

माझा संशय वेदनाशामकावर आहे. किडनीत रक्त आणणाऱ्या नळीला प्रोस्टाग्लँडिन मोकळं ठेवतं, ॲसिक्लोफिनॅक ते बंद पाडतं आणि नळी आवळते. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनने सैल पडते. हायड्रोक्लोरोथायाझाइड शरीरातलं पाणी कमी करतं. म्हणजे आत येणारं रक्त कमी, बाहेर जायला वाट मोठी, त्यामुळे गाळणीतला दाबच उतरतो. यातली एकेक गोळी बहुतेकांना पचते, पण तिन्ही एकत्र आणि वर पाणी न पिण्याची सवय, हे किडनीला जड जातं.

पोटॅशियमचंही तेच. टेल्मिसार्टन आणि वेदनाशामक दोन्ही ते शरीरात अडवून धरतात, आणि लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. त्यामुळे नळीबहाद्दर म्हणतात ते पटलं तरी ५.८ सगळंच खोटं असेल असं मी धरणार नाही. युरिक ॲसिड वाढण्यातही त्या थायाझाइडचा हात असतो.

वेदनाशामक आजपासून बंद, गुडघ्याला नुसतं पॅरासिटामॉल. मीठ साधं आणा, पण बेताने वापरा. बीपीची गोळी मात्र मनाने थांबवू नका, दोन्ही रिपोर्ट आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. पुन्हा केलेलं पोटॅशियम ६ च्या वर आलं, किंवा आईंना छातीत धडधड झाली, हातापायांत ताकद नाहीशी झाली, तर रात्र असली तरी इसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.

सई_धायरी
काल संध्याकाळी सिंहगड रोडच्या लॅबमध्ये आईला घेऊन गेले. पट्टा लगेच सोडला, तळाशी कसलाही शेरा नाही. पोटॅशियम ५.२. क्रिएटिनिन १.०, पाणी पिऊन. डॉक्टरांनी वेदनाशामक बंद केलं, बीपीची गोळी तीच ठेवली, आठवड्याने परत बोलावलंय. लघवीतून प्रथिन जातंय का ते पाहायला एसीआर तपासणीही लिहून दिलीय.

नळीबहाद्दर
म्हणजे ०.६ नळीत वाढलं होतं आणि उरलेलं आईंचं स्वतःचं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघालं. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी द्या, मधल्या धारेची. लघवीला जळजळ किंवा ताप असेल तर त्या दिवशी देऊ नका, उगाच वाढलेलं येतं. ३० च्या आत असेल तर चांगलं. क्रिएटिनिन वेदनाशामक सोडून दोन आठवड्यांनी परत करा, शक्यतो याच लॅबमध्ये, कारण क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती दोन आहेत आणि त्यांच्यात ०.१ चा फरक सहज पडतो. तुमचा १.१ वरून १.० हा उतारही तेवढाच असू शकतो.

फार्मसीवाली
१.० धरलं तरी ईजीएफआर ६४ च्या आसपास येतो, ८४ नाही. दोन आठवड्यांनीही तिथेच अडकला तर डॉक्टरांना सिस्टॅटिन-सी या रक्ततपासणीबद्दल विचारा, त्यात स्नायूंचा प्रश्न फारसा येत नाही.

शेवगा
मीही तेच मीठ वापरतो आणि माझीही बीपीची गोळी टेल्मिसार्टनच आहे. मग माझं पोटॅशियम ४.४ कसं?

फार्मसीवाली
तुमची किडनी अजून ते बाहेर टाकतेय म्हणून. तुमचं क्रिएटिनिन आणि वय लिहा. आणि अंगठ्यासाठी मेडिकलवाल्याने कोणती गोळी दिली तेही.